अपंग, विकलांग, दिव्यांग की डिफरन्टली एबल्ड? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपंगत्वाची प्रमाणपत्रं, यूडीआयडी ही सरकारी ओळखपत्रं आणि अर्जांच्या कामात मदत करताना शब्दांबद्दलचे प्रश्न सतत येतात. पालक विचारतात, शिक्षक विचारतात, बातमी लिहायला बसलेले पत्रकार तर हमखास विचारतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, तेवढेच इथे घेतले आहेत. मी स्वतः कॅलिपर लावून चालतो. त्यामुळे काही उत्तरांत माझं मतही येईल, ते माझं म्हणूनच वाचा.

१. 'डिफरन्टली एबल्ड' किंवा 'वेगळ्या क्षमतेचे' म्हणण्यात वाईट काय आहे? लोक चांगल्या मनानेच म्हणतात ना?

हो, बहुतेक जण चांगल्या मनानेच म्हणतात, आणि कुणी तसं म्हटलं म्हणून त्याच्या अंगावर धावून जायचं कारण नाही. आक्षेप त्या शब्दाला आहे, बोलणाऱ्याला नाही.

हा शब्द १९८० च्या दशकात अमेरिकेत पुढे आला. 'हँडिकॅप्ड' आणि 'डिसेबल्ड' हे शब्द उणेपणा दाखवतात, म्हणून काहीतरी सकारात्मक म्हणूया, असा त्यामागचा विचार होता. आपल्याकडे तो इंग्रजीतून आला आणि दक्षिणेत तर सरकारी भाषेत रुजला. तमिळनाडूत 'मात्रुत्तिरनाळि' आणि केरळात 'भिन्नशेषी' हे शब्द सर्रास चालतात आणि दोन्हींचा अर्थ 'वेगळ्या क्षमतेचे' असाच आहे. मराठीत मात्र 'भिन्नक्षम' सारखे शब्द पत्रिका आणि भाषणांपुरतेच राहिले.

२. मग अपंग लोकांचा आक्षेप नेमका कशाला आहे?

पहिली गोष्ट म्हणजे हा शब्द काहीच सांगत नाही. क्षमता प्रत्येकाची वेगळी असते. कुणाला गणित जमतं, कुणाला पोहणं. मग 'वेगळ्या क्षमतेचा' म्हणून माझ्याबद्दल कळलं काय? मला जिना चढता येत नाही ही साधी गोष्ट त्यातून कळत नाही, आणि समोरच्याला नेमकी तीच कळायला हवी असते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी एक विचार मांडला. त्याला पुढे 'सोशल मॉडेल' असं नाव पडलं. शरीरातली उणीव ही एक बाब आणि त्या उणिवेमुळे समाजाने घातलेली आडकाठी ही दुसरी. पाय चालत नाही ही उणीव. पोस्टाच्या दाराशी पायऱ्याच पायऱ्या आहेत आणि उतार नाही, ही आडकाठी. या विचाराप्रमाणे 'डिसेबल्ड' म्हणजे अडवले गेलेले लोक, आणि अडवणारं कुणीतरी असतं. 'डिफरन्टली एबल्ड' म्हटलं की हा अडवणाराच वाक्यातून गायब होतो. सगळी गोष्ट माझ्या शरीराची आणि माझ्या गुणांची होऊन बसते.

तिसरं, अपंगत्व हा उच्चारू नये असा शब्द आहे असं त्यातून सुचवलं जातं. घरात एखाद्या आजाराचं नाव न घेता 'ते त्याचं तसं आहे ना' म्हणतात, त्यातलाच प्रकार. ज्याचं नाव घ्यायची चोरी, त्याचीच लाज वाटायला लागते.

आणि शेवटचं म्हणजे हे शब्द ज्यांच्यासाठी ठरतात त्यांना बहुधा कुणी विचारलेलंच नसतं. जगभरच्या अपंग चळवळीची 'आमच्याविषयी काहीही, आमच्याशिवाय नाही' ही घोषणा अनेक गोष्टींना लागू होते, त्यात नाव ठरवणंही आलं.

३. शब्दाने व्यवहारात खरंच फरक पडतो का? एखादं उदाहरण द्या.

समजा, व्हीलचेअर वापरणाऱ्या एका बाईंचं खातं एका सहकारी बँकेत आहे. दाराशी तीन पायऱ्या. शिपाई आणि एखादा ग्राहक मिळून खुर्ची उचलून आत नेतात. बाईंना ते नको आहे, कारण एकदा खुर्ची कलंडली होती.

त्यांनी शाखाधिकाऱ्याला पत्र लिहिलं, 'मी वेगळ्या क्षमतेची ग्राहक असून मला सहकार्य मिळावे.' यावर शाखाधिकारी काय करील? कौतुकाने म्हणेल, 'ताई, तुम्ही कधीही या, आमची मुलं आहेतच उचलायला.' त्याच्या दृष्टीने सहकार्य तर चालूच आहे.

आता पत्र असं लिहा: 'मला चालण्याचं अपंगत्व आहे, मी व्हीलचेअर वापरते. शाखेच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत आणि उतार नाही, त्यामुळे मला स्वतःहून आत येता येत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याच्या कलम ४६ नुसार सेवा देणाऱ्या संस्थांनी, मग त्या सरकारी असोत वा खासगी, नियम निघाल्यापासून दोन वर्षांत सेवा सुगम करणं बंधनकारक आहे. नियम जून २०१७ मध्ये निघाले. उतार कधीपर्यंत होईल ते कृपया लेखी कळवावं.' सोबत पायऱ्यांचा फोटो.

या दुसऱ्या पत्राला 'मुलं आहेत उचलायला' हे उत्तर पुरत नाही. बँकेने दाद दिली नाही तर तेच पत्र पुण्यातल्या अपंगांच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार म्हणून जाऊ शकतं. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधितांनी तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं, आणि शिफारस मानली नाही तर कारण द्यायचं असतं. मर्यादाही माहीत असू द्या: ही शिफारस आहे, कोर्टाचा हुकूम नव्हे, त्यामुळे पाठपुरावा चिवटपणे करावा लागतो. पण हे सगळं सुरू होतं ते 'अपंगत्व' आणि 'पायऱ्या' हे दोन शब्द एका पत्रात आले म्हणून.

४. 'दिव्यांग' हा शब्द कधी आणि कसा आला? त्यावर वाद का झाला?

२७ डिसेंबर २०१५ च्या 'मन की बात' मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'विकलांग' ऐवजी 'दिव्यांग' म्हणावं असं सुचवलं. ज्यांच्या एखाद्या अवयवात उणीव दिसते त्यांच्यात एखादी वेगळी शक्ती असते, असा त्यांचा मुद्दा होता. २०१६ मध्ये केंद्राच्या अपंगांसाठीच्या विभागाच्या हिंदी नावात 'दिव्यांगजन' आलं आणि इंग्रजी नावालाही कंसात ते जोडलं गेलं. पाठोपाठ पाट्या, लेटरहेड, रेल्वेचे डबे, परीक्षांचे अर्ज बदलले.

विरोधही लगेच सुरू झाला. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या 'नॅशनल प्लॅटफॉर्म फॉर द राइट्स ऑफ द डिसेबल्ड' या संघटनेने जानेवारी २०१६ मध्येच पंतप्रधानांना पत्र लिहून आक्षेप घेतला. अपंगत्व ही दैवी देणगी नाही आणि नाव बदलल्याने भेदभाव जात नाही, हे त्याचं सार.

प्रश्न २ मधले सगळे आक्षेप इथे लागू होतातच, पण आपल्या समाजात 'दिव्य' शब्दाला आणखी एक धार आहे. अपंगत्व म्हणजे मागच्या जन्मीचं पाप, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. 'दिव्य' म्हटल्याने ते पाप नुसतं उलटं होतं, देवाची करणी ती देवाची करणीच राहते. आणि करणी देवाची म्हटल्यावर ग्रामपंचायतीने शाळेत उतार का बांधला नाही, हे विचारणार कुणाला? शिवाय दिव्य माणसाने काहीतरी दिव्य करून दाखवायचं असतं. ज्याला एकही पदक मिळालेलं नाही, जो साधा क्लार्क आहे आणि संध्याकाळी घरी जाऊन मालिका बघतो, अशा माणसाचं काय? आपल्यातले बहुतेक जण तसेच असतात आणि तसं असण्याचा आम्हालाही हक्क आहे.

५. सरकारी कागदांत याआधी कोणकोणते शब्द होते?

ही वाट बरीच लांब आहे. सर्वात जुनी खूण जनगणनेत सापडते. १८७२ पासून १९३१ पर्यंत इंग्रज सरकार 'इन्फर्मिटीज', म्हणजे व्यंगं, या सदराखाली वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी मोजत होतं. तेव्हाचे कायदेही त्याच सुरातले होते: १८९८ चा 'लेपर्स ॲक्ट', १९१२ चा 'इंडियन ल्युनसी ॲक्ट'. दोन्हींचा भर माणसांना वेगळं काढून बंदिस्त ठेवण्यावर होता. लेपर्स ॲक्ट रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं, हे वाचून मी दोनदा तारीख तपासली होती.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने विषय वाटून दिले, तेव्हा अपंगांचा विषय राज्यसूचीत गेला. तिथली नोंद आजही 'अपंग आणि काम करण्यास अयोग्य व्यक्तींना साहाय्य' अशा अर्थाची आहे. साहाय्य म्हणजे मदत, हक्क नव्हे. अनेक वर्षं सरकारी धोरणाचा रोख तोच राहिला.

जनगणनेतून हा प्रश्न १९४१ पासून गळाला. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांचं अपंग वर्ष होतं, त्या निमित्ताने तो परत आला, पण शब्द कसे होते पाहा: पूर्ण आंधळे, पूर्ण पांगळे, पूर्ण मुके. एवढ्या कडक शब्दांत विचारल्यावर देशभरात सुमारे ११ लाख लोक सापडले. २००१ मध्ये दिसणं, ऐकणं, बोलणं, चालणं आणि मानसिक अशा पाच प्रकारांनी विचारलं तर आकडा २ कोटी १९ लाखांवर गेला, २०११ मध्ये २ कोटी ६८ लाखांवर. वीस वर्षांत देशात अपंग माणसं वीसपट झाली नव्हती, प्रश्नाचे शब्द बदलले होते.

१९८० च्या दशकात राष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या त्या 'हँडिकॅप्ड' हा शब्द घेऊन. मुंबईच्या वांद्रे भागातली अली यावर जंग संस्था 'हिअरिंग हँडिकॅप्ड' लोकांसाठी होती, सिकंदराबादची संस्था 'मेंटली हँडिकॅप्ड' लोकांसाठी. नोकरीच्या जाहिरातीतला 'पीएच', म्हणजे 'फिजिकली हँडिकॅप्ड', कोटा याच काळातला. आज त्याच संस्थांच्या नावांत 'डिसॅबिलिटीज' आणि कंसात 'दिव्यांगजन' आहे, आणि जाहिरातीत 'पीएच' जाऊन आधी 'पीडब्ल्यूडी', म्हणजे 'पर्सन्स विथ डिसॅबिलिटीज', आणि आता 'पीडब्ल्यूबीडी' आलं.

महाराष्ट्रात मराठीतला सरकारी शब्द बराच काळ 'अपंग' होता: अपंग कल्याण आयुक्तालय, अपंग प्रमाणपत्र, लोकलमधला अपंगांचा डबा. 'विकलांग' हा मुख्यतः हिंदीचा, आपल्याकडे तो रेल्वे आणि केंद्राच्या कार्यालयांतून आला. नंतर 'दिव्यांग' ने दोन्हींना बाजूला सारलं. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने सामाजिक न्याय विभागातून हा विषय वेगळा काढून स्वतंत्र 'दिव्यांग कल्याण विभाग' केला.

६. १९९५ आणि २०१६ च्या कायद्यांत फक्त शब्द बदलले की आणखी काही?

इथे शब्दांबरोबर पायाही बदलला, म्हणून दोन्ही व्याख्या शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत.

१९९५ च्या कायद्यात अपंग व्यक्ती म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्याने प्रमाणित केलेल्या किमान ४० टक्के अपंगत्वाने 'पीडित' असलेली व्यक्ती. इंग्रजीत चक्क 'सफरिंग' हा शब्द होता. अपंगत्वाचे प्रकार होते सात. थोडक्यात, डॉक्टर टक्का लिहील तेव्हा तुम्ही अपंग.

२००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार मंजूर केला आणि भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये त्याला मान्यता दिली. त्याला धरून २०१६ चा कायदा आला. तो म्हणतो की दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव असून, वाटेतल्या अडथळ्यांशी गाठ पडल्यामुळे जिला इतरांच्या बरोबरीने समाजात वावरता येत नाही, ती अपंग व्यक्ती. 'अडथळे' हा शब्द कायद्याच्या व्याख्येत येऊन बसला. प्रकार सातावरून एकवीस झाले.

४० टक्क्यांची अट गेली नाही, पण तिची जागा बदलली. भेदभावापासून संरक्षण सर्व अपंग व्यक्तींना आहे. आरक्षणासारख्या लाभांसाठी मात्र ४० टक्के किंवा त्याहून जास्त, म्हणजे 'बेंचमार्क डिसॅबिलिटी' लागते. 'पीडब्ल्यूबीडी' मधला 'बी' तो हाच. माझं प्रमाणपत्र ३५ टक्क्यांचं आहे, म्हणजे कायद्याने मी कुणीच नाही, असं समजून बसलेले बरेच जण भेटतात. त्यांच्यासाठी हा परिच्छेद.

गंमत अशी की इंग्रजी कायद्यात 'दिव्यांग' शब्द नाही, 'पर्सन्स विथ डिसॅबिलिटीज' आहे. हिंदी नाव मात्र 'दिव्यांगजन अधिकार अधिनियम'. इंग्रजी व्याख्या अडथळ्यांवर बोट ठेवते आणि हिंदी नाव दिव्यत्वावर.

७. संयुक्त राष्ट्रांचं याबाबत काय म्हणणं आहे?

त्यांचीही भाषा बदलत आली. १९७१ च्या त्यांच्या जाहीरनाम्याच्या नावातच 'मेंटली रिटार्डेड' होतं. १९७५ मध्ये 'डिसेबल्ड पर्सन्स' आलं, २००६ च्या करारात 'पर्सन्स विथ डिसॅबिलिटीज'. त्यांच्या २०२१ च्या भाषाविषयक सूचनांत 'डिफरन्टली एबल्ड' आणि 'स्पेशल नीड्स' टाळा असं स्पष्ट म्हटलं आहे. भारताच्या अहवालावर २०१९ मध्ये अभिप्राय देताना या कराराच्या समितीने खटकणाऱ्या शब्दांत 'दिव्यांगजन' चा उल्लेख केला आणि तो अजून वादग्रस्त असल्याची नोंद केली.

८. नवा शब्दही काही वर्षांनी शिवीच होतो. मग बदलत राहण्यात अर्थ काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याशी मी अर्धा सहमत आहे.

'स्पॅस्टिक' घ्या. स्नायूंच्या ताठरपणासाठी तो साधा वैद्यकीय शब्द होता. ब्रिटनमध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं नावच 'स्पॅस्टिक्स सोसायटी' होतं. पुढे शाळेच्या मैदानावर पोरं तो शब्द शिवीसारखा वापरू लागली आणि १९९४ मध्ये संस्थेने नाव बदलून 'स्कोप' केलं. मुंबईत १९७२ मध्ये सुरू झालेली 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' देखील आता 'अडॅप्ट' झाली आहे. आपल्याकडे 'मतिमंद' चं हेच झालं. 'वेडा', 'खुळा' नको म्हणून तो शास्त्रशुद्ध शब्द आणला, आणि एका पिढीत वर्गातली मुलं एकमेकांना 'मतिमंद आहेस का' म्हणायला लागली.

तेव्हा शब्द कितीही गोंडस आणा, बघण्याची नजर तीच असेल तर तो मळतोच. पण यातून 'म्हणून काहीही म्हणा' असा निष्कर्ष निघत नाही. शब्द बदलणं दोन प्रकारचं असतं. एकात लोक स्वतःच सांगतात की हा शब्द आमच्यावर फेकला जातो, तो नको. तिथे तो सोडणं ही साधी माणुसकी. दुसऱ्यात वरून कुणीतरी जुन्या शब्दावर साखर पेरतो आणि बाकी सगळं तसंच ठेवतो. 'डिफरन्टली एबल्ड' वरचा राग या दुसऱ्या प्रकारावरचा आहे.

९. 'अपंग व्यक्ती' म्हणावं की 'अपंगत्व असलेली व्यक्ती'?

हा वाद मूळचा इंग्रजीचा. तिथे एक पक्ष म्हणतो की माणूस आधी आला पाहिजे, अपंगत्व नंतर. दुसरा म्हणतो की अपंगत्व माझ्या ओळखीचाच भाग आहे, ते हातभर लांब का धरता? अमेरिकेतल्या अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९३ मध्येच ठराव करून 'अंधत्व असलेली व्यक्ती' छापाच्या अवघडलेल्या रचनेला विरोध केला होता. स्वमग्न लोकांपैकी बरेच जण याच बाजूचे आहेत.

मराठीत विशेषण आधीच येतं, त्यामुळे 'अंध शिक्षिका', 'अपंग मतदार' हे सहज बोलणं आहे आणि त्यात कुणाचा अपमान नाही. अडचण होते ती विशेषणाचं नाम केल्यावर: 'एक लंगडा आला होता', 'त्या बहिऱ्याला विचार'. तिथे माणूस खरोखरच नाहीसा होतो. 'व्यक्ती', 'विद्यार्थी', 'प्रवासी' असं काहीतरी पुढे ठेवा, तेवढं पुरतं.

१०. मी स्वतः अपंग आहे आणि मला 'दिव्यांग' आवडतं. माझं काही चुकतंय का?

अजिबात नाही. गावात ज्यांना आयुष्यभर 'ए लंगड्या' म्हणून हाक मारली गेली, त्यांना 'दिव्यांग बंधू' ऐकून बरं वाटतं हे मी अनेकांकडून ऐकलं आहे, आणि ते बरं वाटणं खरं आहे. या प्रश्नावर अपंगांचं एकमत नाही. तुम्हाला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. फक्त तोच शब्द दुसऱ्या अपंग माणसावर लादू नका.

११. 'मूकबधिर', 'विशेष मुलं', 'मतिमंद' यांतलं काय चालतं?

'मूकबधिर' टाळा. ऐकू न येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा आवाज शाबूत असतो, आणि जे खुणांच्या भाषेत बोलतात ते मुके नसतात, त्यांची भाषा वेगळी असते. 'कर्णबधिर' किंवा नुसतं 'बधिर' चालतं. खुणांची भाषा वापरणारे अनेक जण तर 'श्रवणदोष' मधला 'दोष' नाकारतात. त्यांच्या मते ते एका भाषिक समाजाचे लोक आहेत.

'मतिमंद' ची जागा कायद्यात 'बौद्धिक अक्षमता' या अर्थाच्या शब्दाने घेतली आहे. मात्र १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याच्या नावात 'मेंटल रिटार्डेशन' अजून आहे, तेव्हा जुन्या कागदांत दिसलं तर दचकू नका.

'विशेष मूल' वर पालकांशी माझा नेहमी प्रेमाचा वाद होतो. जेवणं, शिकणं, खेळणं, मित्र असणं, या त्याच्या गरजा इतर मुलांसारख्याच आहेत. त्या भागवायच्या वाटा वेगळ्या. 'विशेष' म्हटलं की वेगळी शाळा, वेगळी गाडी, वेगळा वाढदिवस हे ओघाने येतं. बाकीचा मुद्दा प्रश्न २ मध्ये आहे.

१२. कुणाला 'आंधळा', 'लंगडा' म्हणणं कायद्याने गुन्हा आहे का?

नुसता शब्द उच्चारणं गुन्हा नाही. २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ नुसार अपंग व्यक्तीचा पाणउतारा करण्याच्या हेतूने, लोकांच्या देखत, जाणूनबुजून अपमान केला किंवा धमकावलं तर तो गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. म्हणजे हेतू आणि लोकांसमोर घडणं या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. सोसायटीच्या सभेत सर्वांसमोर 'या लंगड्याला कशाला पार्किंग हवं' असं हिणवणं यात येऊ शकतं. बंद दाराआड, तिसरं कुणी नसताना झालेलं बोलणं या कलमात बसवणं अवघड. तक्रार द्यायची तर नेमके शब्द, वेळ, जागा आणि ऐकणाऱ्यांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा. 'माझा अपमान केला' एवढंच लिहिलेली तक्रार टिकत नाही.

१३. मग म्हणींचं आणि विनोदाचं काय? 'आंधळं दळतं' म्हणायचंच नाही का?

म्हणींवर बंदी कुणी मागत नाही. 'वासरात लंगडी गाय शहाणी' ही म्हण मी स्वतः वापरतो, बहुतेकदा स्वतःवरच. पण कारभार गलथान आहे हे सांगताना दर वेळी अंधत्वच हाताशी का येतं, हे लिहिणाऱ्याने एकदा तपासावं. 'आंधळा विश्वास', 'प्रशासन बहिरं झालं' यांऐवजी 'डोळे झाकून विश्वास', 'प्रशासनाने कानाडोळा केला' अगदी सहज बसतं.

चित्रपटांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ च्या निकालात बरीच स्पष्टता आणली. एका हिंदी चित्रपटाविरुद्धच्या याचिकेवर तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद आणि अपंगांना खाली पाडणारा विनोद यांत फरक केला. 'क्रिपल' आणि 'स्पॅस्टिक' सारखे शब्द हिणकस झाले आहेत आणि 'पीडित', 'ग्रस्त' छापाची भाषा समाजाने उभे केलेले अडथळे झाकते, असंही म्हटलं. प्रश्न ६ मधला १९९५ च्या व्याख्येतला शब्द आठवा, म्हणजे किती अंतर कापलं ते कळेल.

१४. जुन्या संस्थांनी नावं बदलायला हवीत का?

ते त्यांच्यावर सोडावं. आनंदवन चालवणाऱ्या संस्थेचं नाव आजही 'महारोगी सेवा समिती, वरोरा' आहे. बाबा आमट्यांनी ती १९४९ मध्ये सुरू केली तेव्हा तोच शब्द होता, आणि ते नाव घेऊनच तिथल्या लोकांनी शेती आणि उद्योग उभे केले. अंधांसाठी काम करणाऱ्या मुंबईच्या 'नॅब' च्या पूर्ण नावात १९५२ पासून 'ब्लाइंड' आहे. अंधांच्या संघटनांनी हा शब्द क्वचितच टाकला. आज बाहेरच्या बोलण्यात मात्र 'महारोगी' वापरू नये. 'कुष्ठरोग झालेली' किंवा 'कुष्ठमुक्त' व्यक्ती म्हणावं.

१५. बातमीत, अर्जात, निमंत्रणपत्रिकेत नक्की काय लिहू?

सरकारी अर्जात योजनेच्या नावात जो शब्द असेल तोच, बहुधा 'दिव्यांग'. तिथे तत्त्वासाठी भांडून अर्ज परत यायला नको. तक्रारीत किंवा कोर्टाच्या कागदात कायद्याची भाषा आणि सोबत अडथळ्याचं नेमकं वर्णन, जसं प्रश्न ३ मध्ये आहे. बातमीत 'अपंग' किंवा त्याहून बरं म्हणजे नेमकं: 'अंध विद्यार्थी', 'व्हीलचेअर वापरणारे मतदार'. आणि अपंगत्वाचा बातमीशी संबंध नसेल तर त्याचा उल्लेखच नको. एखाद्या माणसाशी बोलताना त्याला विचारा. निमंत्रणपत्रिकेवर विशेषण शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा सभागृहाला उतार आहे का आणि खुणांच्या भाषेचा दुभाषी असेल का, हे छापा.

१६. माझ्या जुन्या प्रमाणपत्रावर 'अपंग' किंवा 'मतिमंद' लिहिलंय. ते रद्द झालं का?

शब्द जुना आहे म्हणून प्रमाणपत्र रद्द होत नाही. २०१६ च्या कायद्यातच तरतूद आहे की जुन्या कायद्याखाली झालेली कार्यवाही नव्या कायद्याखाली झाली असं मानलं जाईल. खिडकीवर कुणी 'यावर दिव्यांग लिहिलेलं नाही' म्हणून परत पाठवलं, तर ते कारण लेखी मागा. मागितल्यावर बहुधा अर्ज घेतला जातो.

मात्र बघायच्या दोन गोष्टी आहेत. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावर मुदत छापलेली असते, ती संपली असेल तर नूतनीकरण लागेल. आणि आता अनेक योजनांसाठी यूडीआयडी कार्ड मागतात, त्यासाठी `swavlambancard.gov.in` वर जुनं प्रमाणपत्र जोडून अर्ज करता येतो. जुन्या कागदावरचं 'मतिमंद' नव्या यादीत 'इंटेलेक्च्युअल डिसॅबिलिटी' या नावाखाली शोधा. 'मेंटल इलनेस' हा वेगळा प्रकार आहे. घाईत तो निवडला गेला की दुरुस्तीसाठी पुन्हा जिल्हा रुग्णालयाची फेरी पडते.